लांब भावाचे घोडे शीटमध्ये नेहमीच फायद्याचे का दिसतात? मार्जिन काढताना प्रमाण पद्धत आणि घात पद्धत

बुकमेकरच्या भावातून त्याचं मार्जिन, म्हणजे त्याने भावात राखलेला स्वतःचा वाटा, वजा करून खरी शक्यता काढायची आणि ती दुसरीकडच्या भावाशी ताडून बघायची, अशा शीट अनेक जण बनवतात. त्यातल्या बऱ्याच माझ्याकडे तपासायला येतात आणि बहुतेकींचं दुखणं एकच असतं. शीट बनवणाऱ्याने गणितात चूक केलेली नसते. त्याने मार्जिन काढायची सर्वांत सोपी पद्धत वापरलेली असते, आणि ती पद्धत लांब भावांपाशी, म्हणजे जिंकण्याची शक्यता फार कमी असलेल्या घोड्यांच्या मोठ्या भावांपाशी, कमी पडते. ही दुरुस्ती मी ज्या क्रमाने करतो, त्याच क्रमाने इथे लिहितो आहे.

## लक्षणं

पहिलं लक्षण म्हणजे शीटने 'फायद्याचे' म्हणून निवडलेले घोडे जवळजवळ सगळे लांब भावाचे असतात. २५, ५०, १०० असे भाव यादीत भरलेले दिसतात आणि फेव्हरिट क्वचितच डोकावतो. भाव जितका लांब, तितका शीटने सांगितलेला फायदा मोठा.

दुसरं लक्षण निकालांची नोंद ठेवली तरच दिसतं. शीटने ४३ टक्के शक्यता दिलेले फेव्हरिट प्रत्यक्षात त्याहून जास्त वेळा जिंकतात आणि १ टक्का दिलेले घोडे त्याहून कमी वेळा. मधल्या भावांपाशी मात्र सगळं ठीक असतं, आणि म्हणूनच एकूण सरासरी बघणाऱ्याला काही बिघडल्याचा पत्ता लागत नाही.

तिसरं लक्षण सगळ्यांत बोलकं आहे. मार्जिन काढायची पद्धत बदलली की फेव्हरिटचा आकडा थोडासा हलतो, पण लांब घोड्यावरचा 'फायदा' थेट तोट्यात जातो. असं होत असेल तर तो फायदा बाजारात नव्हताच, तो तुमच्या भागाकारातून आला होता.

ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली तर पुढच्या तपासण्या क्रमाने करा. पहिल्या तीन फुकट आहेत आणि काही मिनिटांत होतात. त्या वगळून थेट पद्धत बदलायला जाऊ नका, कारण बिघडलेल्या माहितीवर चांगली पद्धत लावली की चूक लपते.

## १. उलट्या भावांची बेरीज करा

दशांश भाव म्हणजे एक रुपया लावून जिंकल्यास त्या रुपयासकट हाती येणारी रक्कम. त्याचा व्यस्त घ्या, म्हणजे १ भागिले भाव. ४.५० चा व्यस्त ०.२२२२. शर्यतीतल्या सगळ्या घोड्यांचे व्यस्त मिळवा. ही बेरीज १ पेक्षा जितकी वर, तितकं त्या शर्यतीतलं एकूण मार्जिन.

या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरतो. आठ घोड्यांची शर्यत, एकाच बुकमेकरचे भाव: २.१०, ४.५०, ६.००, ९.००, १५, २६, ५१ आणि १०१. व्यस्तांची बेरीज १.११०८ येते, म्हणजे मार्जिन सुमारे ११ टक्के.

ही बेरीज आधी का बघायची, तर पुढची दोन्ही गणितं तिच्यावरच उभी आहेत आणि माहितीतले बहुतेक दोष ती लगेच उघडे पाडते. समजा ८/१ अशा अपूर्णांकी भावाला कुणी १ न मिळवता दशांश समजून ८.०० लिहिलं. १०० आणि १०१ मध्ये तसा फरक नाही, पण २.१० चा १.१० झाला की व्यस्त ०.४८ वरून ०.९१ वर उडी मारतो. आपल्या शर्यतीत ही चूक सगळीकडे झाली तर बेरीज १.६६ येते. इतकी मोठी बेरीज दिसली की पद्धतीचा विचारच करायचा नाही, आधी भाव तपासायचे.

## २. यादी पूर्ण आहे का?

ही तपासणी लोक हमखास गाळतात. आपल्या शर्यतीतून ९.०० भावाच्या घोड्याची ओळ चुकून सुटली, असं धरा. उरलेल्या सातांची बेरीज ०.९९९७ येते. म्हणजे शीट सांगेल की या बुकमेकरचं मार्जिन शून्य आहे आणि छापलेले भावच खरे आहेत! कुठलीही त्रुटी दाखवली जात नाही, आकडे सुबक दिसतात, आणि दोन्ही पद्धती एकच उत्तर देतात. मार्जिन संशयास्पदरीत्या कमी दिसलं की घोडे मोजा.

याच्या उलट, शर्यतीतून मागे घेतलेला घोडा यादीत राहिला तर बेरीज फुगते. फुटबॉलच्या अचूक स्कोअरच्या बाजारात 'इतर कोणताही स्कोअर' ही ओळ राहून जाते. आणि 'पहिल्या तीनांत येणार' अशा बाजारात बेरीज १ नाही तर ३ शी ताडायची असते, कारण तिथे तीन जण यशस्वी ठरतात. अशा बाजारात, चौथ्या तपासणीत येणारी घात पद्धत वापरायची तर घातांकाने बेरीज ३ वर आणायची.

## ३. सगळे भाव एकाच बुकमेकरचे, एकाच वेळचे आहेत का?

वेगवेगळ्या बुकमेकरांकडचा सर्वांत चांगला भाव प्रत्येक घोड्यासाठी उचलला की बेरीज १.०१ च्या आसपास किंवा त्याहूनही खाली येऊ शकते. ते कुणाचंच मार्जिन नाही. ती आठ वेगळ्या तुकड्यांची गोधडी आहे, आणि लांब घोड्याच्या ओळीत नेमका तो भाव येऊन बसतो जो कुणीतरी ताजा करायला विसरलं आहे. मार्जिन काढायचं असेल तर एक बुकमेकर निवडा आणि त्याचे सगळे भाव एकाच क्षणी टिपा. तुलना नंतर हव्या त्याच्याशी करा.

## ४. दोन्ही पद्धतींनी काढा आणि शेजारी ठेवा

इथपर्यंत सगळं स्वच्छ असेल आणि तरीही लक्षणं कायम असतील, तर दोष पद्धतीत आहे.

प्रमाण पद्धत प्रत्येक व्यस्ताला बेरजेने भागते. आपल्या शर्यतीत सगळ्यांना १.११०८ ने. याचा अर्थ असा की प्रत्येक घोड्याच्या शुद्ध भावातून, म्हणजे मार्जिन नसतं तर लागला असता त्या भावातून, बुकमेकरने सारखाच वाटा कापला आहे, फेव्हरिटवरही तेवढाच आणि शंभरच्या घोड्यावरही तेवढाच. हे गृहीतक आहे, वस्तुस्थिती नाही. भागाकार इतका निरुपद्रवी वाटतो की आपण काही गृहीत धरलं आहे हेच ध्यानात येत नाही.

घात पद्धत वेगळं गृहीत धरते. ती प्रत्येक व्यस्ताचा एकाच घातांकाने घात काढते आणि तो घातांक असा निवडते की सगळ्यांची बेरीज बरोबर १ व्हावी. एकाहून लहान संख्येचा एकाहून मोठ्या घातांकाने घात काढला की ती संख्या आकसते, आणि जितकी लहान तितकी जास्त प्रमाणात आकसते. म्हणून कपातीचा मोठा भार आपोआप लांब घोड्यांवर पडतो. भावाच्या भाषेत सांगायचं तर शुद्ध भाव म्हणजे छापील भावाचा त्याच घातांकाने काढलेला घात.

आपल्या शर्यतीत घातांक १.०७१५ येतो. दोन्ही पद्धतींचे आकडे असे:

| छापील भाव | प्रमाण पद्धत, शक्यता | घात पद्धत, शक्यता | शुद्ध भाव, प्रमाण | शुद्ध भाव, घात |
|---|---|---|---|---|
| २.१० | ४२.८७% | ४५.१६% | २.३३ | २.२१ |
| ४.५० | २०.०१% | १९.९६% | ५.०० | ५.०१ |
| ६.०० | १५.००% | १४.६६% | ६.६६ | ६.८२ |
| ९.०० | १०.००% | ९.५०% | १०.०० | १०.५३ |
| १५ | ६.००% | ५.४९% | १६.६६ | १८.२१ |
| २६ | ३.४६% | ३.०५% | २८.८८ | ३२.८२ |
| ५१ | १.७७% | १.४८% | ५६.६५ | ६७.५७ |
| १०१ | ०.८९% | ०.७१% | ११२.१९ | १४०.५ |

तक्ता वरून खाली वाचा. ४.५० पाशी दोन्ही पद्धती जवळजवळ एकच उत्तर देतात. तिथून वर फेव्हरिटकडे घात पद्धत जास्त शक्यता देते आणि खाली लांब भावांकडे कमी. मधल्या भावांवर कधी तक्रार का येत नाही, याचं उत्तर या एका ओळीत आहे.

आता शेवटची ओळ बघा. समजा दुसऱ्या एका बुकमेकरकडे याच घोड्याचा भाव १२६ आहे. प्रमाण पद्धतीने शुद्ध भाव ११२, म्हणजे १२६ ला सुमारे १२ टक्के फायदा दिसतो. घात पद्धतीने शुद्ध भाव १४०, म्हणजे त्याच १२६ ला सुमारे १० टक्के तोटा. घोडा तोच, दोन्ही भाव तेच, फक्त मार्जिन काढायची रीत वेगळी. फेव्हरिटवर असा उलटा कौल क्वचितच मिळतो, कारण तिथे दोन पद्धतींच्या शुद्ध भावांमध्ये फक्त ५ टक्क्यांचं अंतर आहे. १०१ पाशी ते २५ टक्के आहे.

मग बुकमेकर लांब घोड्यावर खरंच जास्त कापतो का? बऱ्याच बाजारांत, हो. लांब घोड्याची किंमत ठरवताना अर्ध्या टक्क्याची चूकही महागात पडते, कारण तो जिंकला तर शंभरपट पैसे द्यावे लागतात, त्यामुळे तो अंतर राखून भाव लावतो. घोड्याबद्दल आतली माहिती असलेला कुणी लांब भावावर पैसे लावून गेला तर फटका तिथेच मोठा बसतो. शिवाय थोड्या पैशांत मोठी रक्कम मिळण्याची ओढ असणारे लोक खराब भावालाही घेतात, त्यामुळे भाव वाढवायची त्याला गरज पडत नाही.

घोड्यांच्या शर्यतीत लांब घोडे त्यांच्या भावाच्या मानाने कमी जिंकतात, हे ग्रिफिथ यांनी १९४९ सालीच दाखवलं होतं. २०१० मध्ये स्नोबर्ग आणि वुल्फर्स यांनी अमेरिकेतल्या शर्यतींवर केलेल्या अभ्यासात, १०० ला १ किंवा त्याहून लांब भावाच्या घोड्यांवर सरसकट पैसे लावले तर सुमारे ६१ टक्के तोटा निघाला, आणि प्रत्येक शर्यतीत फेव्हरिटवर लावले तर सुमारे ५.५ टक्के. ते आकडे टोटच्या बाजाराचे आहेत, जिथे सगळ्यांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटले जातात, म्हणून ते बुकमेकरच्या भावांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण दिशा स्पष्ट आहे. प्रमाण पद्धत आपल्या शर्यतीत दोन्ही टोकांना सारखाच, १० टक्के तोटा धरते. घात पद्धत फेव्हरिटवर सुमारे ५ आणि १०१ च्या घोड्यावर २८ टक्के धरते.

म्हणून माझं मत सरळ आहे: घोड्यांच्या शर्यतीत किंवा मोठं मार्जिन आणि अनेक स्पर्धक असलेल्या बाजारात लांब भावांसाठी घात पद्धत वापरा. मार्जिन २-३ टक्के असेल आणि सगळे भाव १.५ ते ४ च्या पट्ट्यात असतील, तर प्रमाण पद्धत पुरते. तिथे दोन्हींतला फरक इतका बारीक असतो की त्यावर वेळ घालवू नये.

घातांक काढायला सूत्र नाही, तो शोधावा लागतो. बेरीज घातांकाबरोबर सतत घटत जाते, त्यामुळे अर्ध्याअर्ध्याने शोधलं की उत्तर नक्की सापडतं:

```python
def power_k(odds):
    lo, hi = 0.5, 3.0
    for _ in range(60):
        k = (lo + hi) / 2
        if sum(o ** -k for o in odds) > 1:
            lo = k
        else:
            hi = k
    return k
```

स्प्रेडशीटमध्ये करायचं असेल तर `B2:B9` मध्ये भाव, `F1` मध्ये घातांक ठेवा आणि Excel च्या `Goal Seek` ला हा रकाना शून्यावर आणायला सांगा:

```
=(SUMPRODUCT((1/B2:B9)^F1)-1)*100000
```

शेवटचा एक लाखाचा गुणाकार काढून टाकू नका. `Goal Seek` लक्ष्याच्या ०.००१ इतकं जवळ पोचलं की थांबतं. साधी बेरीज दिली तर ते १.०००९ वर समाधान मानतं. घातांक त्यामुळे थोडा चुकतो, आणि त्या चुकीचा सर्वांत मोठा हिस्सा पुन्हा लांब घोड्यांच्याच पदरात पडतो. 'घात पद्धत लावली तरी आकडे जुळत नाहीत' अशी तक्रार आली की मी आधी हा रकाना उघडतो.

## ५. घातांकाकडे बघा

घातांक १ पेक्षा कमी आला तर बेरीज १ पेक्षा कमी आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या तपासणीकडे परत जा. १.०३ ते १.१० च्या दरम्यान आला तर साधारण शर्यत समजायची. मात्र वेगवेगळ्या बाजारांचे घातांक एकमेकांशी ताडून 'कोण जास्त कापतो' असं ठरवू नका. घातांक मार्जिनवर जितका अवलंबून असतो, तितकाच स्पर्धकांच्या संख्येवर आणि भावांच्या ठेवणीवरही असतो.

दोनच निकाल असलेल्या बाजारात, जिथे एक बाजू फारच भारी आहे, तिथे घात पद्धत कधीकधी प्रमाणाबाहेर जाते. १.१० विरुद्ध ७.०० हा भाव घ्या. मार्जिन फक्त ५ टक्के, पण घातांक १.१६ पर्यंत चढतो. ७.०० ची शक्यता प्रमाण पद्धतीने १३.६ टक्के, घात पद्धतीने १०.५ टक्के. शुद्ध भाव एकीकडे ७.३६, दुसरीकडे ९.५५. हे अंतर फार मोठं आहे. भारी बाजूचा व्यस्त १ च्या इतका जवळ आहे की त्याचा घात काढून तो फारसा आकसत नाही, मग मार्जिनचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग दुसऱ्या बाजूकडून वसूल केला जातो.

अशा ठिकाणी मी अर्थशास्त्रज्ञ ह्युन साँग शिन यांच्या मॉडेलवर आधारलेली पद्धतही चालवून बघतो. दोन निकालांच्या बाजारात तिचं उत्तर, दोन्ही व्यस्तांमधून मार्जिनचा निम्मा निम्मा भाग वजा केल्यावर येतं तेच असतं, म्हणून वेगळ्या साधनाची गरज नाही. इथे तो भाग ०.०२६ आहे, आणि ७.०० चा शुद्ध भाव ८.५६ येतो, बरोबर मध्ये. तिन्ही पद्धतींनी कौल एकच दिला तर पुढे जा. कौल बदलत असेल तर त्या भावावर काही ठरवू नका, कारण तुम्ही बाजाराबद्दल नाही तर पद्धतीबद्दल पैज लावत आहात.

## ६. भावाच्या पायऱ्या तपासा

बुकमेकर लांब भाव सलग लावत नाहीत. ठरलेल्या पायऱ्या असतात, जसं की ६७, ८१, १०१, १२६, १५१. आणि कित्येक ठिकाणी वरची मर्यादाही असते, तिच्या वर भाव जातच नाही, मग घोडा कितीही कमकुवत असो.

हे का महत्त्वाचं? १०१ चा व्यस्त ०.९९ टक्के, १२६ चा ०.७९ टक्के. एका पायरीचं हे अंतर आपल्या दोन पद्धतींमधल्या ०.८९ आणि ०.७१ च्या अंतराएवढंच आहे. बुकमेकरने जवळची पायरी निवडताना केलेली ओढाताण तुमच्या पद्धतीच्या निवडीइतकीच चूक घालू शकते. एकाच शर्यतीत शेवटच्या तीन-चार घोड्यांना सारखाच कमाल भाव दिसला, तर तो भाव म्हणजे माहिती नसून छत आहे. छतावर टेकलेल्या घोड्यांची शक्यता कुठल्याच पद्धतीने काढू नका. त्यांना यादीत ठेवा, कारण बेरजेसाठी ते लागतात, पण त्यांच्या ओळीतून निष्कर्ष काढायचा नाही.

## ७. निकालांशी ताडा

ही सगळ्यांत महागडी तपासणी, कारण तिला खूप जुन्या नोंदी लागतात. पण दोन पद्धतींपैकी तुमच्या बाजारात कोणती बसते याचा निवाडा शेवटी इथेच होतो.

करायचं एवढंच: घोडे भावानुसार पट्ट्यांमध्ये वाटा. १.५ ते ३, ३ ते ६, ६ ते १२, १२ ते ३०, ३० ते ८०, ८० च्या वर. प्रत्येक पट्ट्यात एका पद्धतीने काढलेल्या शक्यतांची बेरीज करा, म्हणजे त्या पद्धतीनुसार किती विजय अपेक्षित होते ते मिळेल. शेजारी प्रत्यक्ष विजय लिहा. मग दुसऱ्या पद्धतीने तेच करा. प्रमाण पद्धतीचा रकाना शेवटच्या दोन पट्ट्यांत सातत्याने जास्त विजय सांगत असेल आणि पहिल्या पट्ट्यात कमी, तर निदान पक्कं.

इथे संख्येची कसोटी लागते. १०१ भावाचे १,००० घोडे तुमच्याकडे आहेत असं समजा. प्रमाण पद्धत सांगते ९ विजय, घात पद्धत सांगते ७. अशा दुर्मीळ घटनांमध्ये निव्वळ योगायोगाने होणारी चढउतार अपेक्षित विजयांच्या वर्गमूळाएवढी असते, म्हणजे इथे जवळपास ३. प्रत्यक्षात ८ जिंकले, ६ जिंकले किंवा १० जिंकले, त्यातून काहीच ठरत नाही. १०,००० घोडे असतील तर अपेक्षा ८९ आणि ७१ अशी होते आणि चढउतार ९ च्या आसपास. आता कुठे दोन पद्धतींमधलं अंतर चढउताराच्या दुप्पट झालं आणि बोलण्याजोगा पुरावा मिळाला. एका हंगामाच्या नोंदींवर 'माझ्याकडे प्रमाण पद्धतच चालते' असं सांगणारे भेटतात, तेव्हा मी पहिला प्रश्न हाच विचारतो: शेवटच्या पट्ट्यात घोडे किती?

आणखी एक गोष्ट. सगळ्या घोड्यांवर मिळून एकच गुण काढणाऱ्या मोजमापांवर इथे विसंबू नका. ब्रायर गुणात अंदाजातल्या चुकेचा वर्ग घेतला जातो, आणि ०.८९ ऐवजी ०.७१ टक्के ही चूक वर्ग केल्यावर दिसेनाशी होते. प्रत्यक्ष निकालाला दिलेल्या शक्यतेचा लॉगरिदम घेणाऱ्या लॉग लॉसमध्येही बहुतेक वजन फेव्हरिट आणि मधल्या घोड्यांचंच पडतं, कारण विजय तिथे होतात. दोन्ही पद्धतींचे एकूण गुण जवळपास सारखे आले म्हणजे लांब भावांपाशी दोन्ही सारख्याच, असं मुळीच नाही. पट्टे वेगळे करूनच बघा.

निकाल उलटेही येऊ शकतात, आणि ते आले तर मान्य करा. बुशे आणि हॉल यांना १९८८ च्या अभ्यासात हाँगकाँगच्या शर्यतींमध्ये लांब घोड्यांविरुद्धचा हा कल सापडला नाही. १९९४ मध्ये लिंडा आणि बिल वुडलँड यांना अमेरिकन बेसबॉलच्या भावांत तो चक्क उलट्या दिशेने दिसला. अशा बाजारात घात पद्धत कमकुवत बाजूवर अन्याय करते. मी घात पद्धतीची बाजू घेतो ती ज्या बाजारांत हा कल पुन्हापुन्हा दिसला आहे तिथपुरती.

## कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

सातव्या तपासणीनंतरही पट्टे जुळत नसतील, म्हणजे घात पद्धत लावूनही ८० च्या वरचे घोडे अपेक्षेपेक्षा स्पष्टपणे कमी जिंकत असतील, तर हाताने घातांक वाढवून आकडे जुळवू नका. घात पद्धतीतला घातांक त्या शर्यतीच्या भावांवरून ठरतो, निकालांवरून नाही. तो निकालांना बसेल असा ओढला की बेरीज १ राहत नाही, आणि बेरीज पुन्हा १ वर आणायला भागाकार केला की तुम्ही नकळत एका वेगळ्याच मॉडेलमध्ये शिरलेले असता.

ते मॉडेल वाईट नाही. त्याला कंडिशनल लॉजिट म्हणतात. त्यात घातांक जुन्या निकालांवरून बसवला जातो आणि प्रत्येक शर्यतीची बेरीज १ वर आणली जाते. पण तो बसवताना किती नोंदी पुरेशा, कोणत्या शर्यती वगळायच्या, बसवलेल्या घातांकाची अनिश्चितता किती, आणि ज्या नोंदींवर बसवला त्यांच्यावरच तपासल्याने होणारी फसगत कशी टाळायची, हे संख्याशास्त्रज्ञाचं काम आहे. त्याच्याकडे जाताना निष्कर्ष नेऊ नका. प्रत्येक शर्यतीतले सगळे घोडे, हरलेलेसुद्धा, प्रत्येकाचा छापील भाव, तो टिपल्याची वेळ, बुकमेकर कोणता आणि निकाल, एवढं एका फाइलमध्ये न्या. फक्त तुम्ही निवडलेल्या घोड्यांच्या नोंदी असतील तर त्याला काहीच करता येणार नाही, कारण बेरीजच काढता येत नाही.

लांब घोड्यांच्या शेवटच्या पट्ट्यात काही हजार नोंदीही नसतील, तर संख्याशास्त्रज्ञाकडे जाण्याइतकीही सामग्री नाही. तोवर घात पद्धत ठेवा, ५० च्या वरचे भाव निर्णयातून बाहेर काढा आणि नोंदी साठवत राहा.

आणि ही तपासणी तुम्ही झालेला तोटा भरून काढण्यासाठी करत असाल, ठरवलेल्या रकमेपेक्षा जास्त पैसे जात असतील किंवा घरच्यांपासून ते लपवावं लागत असेल, तर शीट बंद करा आणि जुगाराच्या व्यसनावर काम करणाऱ्या समुपदेशकाला किंवा मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. मार्जिन काढायची कुठलीही पद्धत त्यावरचा उपाय नाही.